एडिटेबल पीपीटी मागणारा मेल : कोऑर्डिनेटरला तसाच फॉरवर्ड करता येईल असा

काही वर्षं मी एका अर्धवेळ अभ्यासक्रमाचा कोऑर्डिनेटर होतो. परीक्षा जवळ आली की एका ठरावीक चालीचे मेल यायचे : ‘सर, प्लीज सगळ्या पीपीटी एडिटेबल फॉर्ममध्ये पाठवा, नोट्स काढायच्या आहेत. अर्जंट.’ मागणी चुकीची नव्हती. दिवसभर नोकरी करून संध्याकाळी लेक्चरला बसणाऱ्याला साठ स्लाइडची पीपीटी पुन्हा टाइप करत बसायला वेळ कुठून मिळणार? तरीही यातले बरेच मेल तसेच पडून राहायचे, आणि त्याचं कारण मेल पाठवणाऱ्याच्या लक्षात येत नसे.

कारण असं की त्या फाइल माझ्याकडे नसायच्याच. पीपीटी शिकवणाऱ्या सरांची किंवा मॅडमची असते, कोऑर्डिनेटरकडे फार तर पोर्टलवर चढवलेली पीडीएफ असते. म्हणजे मेल मला आला तरी निर्णय तिसऱ्याच माणसाचा. वर दिलेला मेल मी तसाच पुढे पाठवला असता, तर शिकवणाऱ्यांनी लगेच विचारलं असतं की कोणत्या पीपीटी, कशाला हव्यात, पीडीएफ दिली आहे ना, आणि ही फाइल उद्या कुठे कुठे फिरणार आहे? उत्तरं मिळवायला मला विद्यार्थ्याला उलट मेल करावा लागायचा. तो ‘नंतर करू’च्या ढिगात जायचा आणि तिथेच राहायचा.

त्यामुळे या मेलची माझी कसोटी एकच आहे. कोऑर्डिनेटरला स्वतःचा एक शब्दही न घालता तो शिकवणाऱ्यांना फॉरवर्ड करता आला पाहिजे. पुढचं सगळं या कसोटीवरूनच ठरवलं आहे.

मेल लिहिण्याआधी : पीडीएफने नेमकं काय अडतंय?

आधी पोर्टलवर नीट बघा. एकाच लेक्चरच्या पीडीएफ आणि .pptx अशा दोन्ही फाइल वेगवेगळ्या फोल्डरमध्ये पडलेल्या असतात, असं अनेकदा घडतं. नसतील तर पीडीएफ उघडा, एका वाक्यावर कर्सर ओढा, ते कॉपी करून कोऱ्या डॉक्युमेंटमध्ये पेस्ट करा. यातून चारपैकी एक गोष्ट समोर येईल.

मजकूर जसाच्या तसा उतरला, तर खरं म्हणजे तुम्हाला पीपीटीची गरज नाही. सारांशासाठी तेवढं पुरतं. ही विनंती राखून ठेवा, पुढे दुसऱ्या कामाला लागेल.

काहीच निवडता येत नसेल, तर ती पीडीएफ म्हणजे पानांचे फोटो आहेत. हे कारण मेलमध्ये सरळ सांगता येतं.

मराठी मजकुराचा गोंधळ वेगळाच असतो. पडद्यावर सगळं व्यवस्थित दिसतं, पण पेस्ट केल्यावर ऱ्हस्व वेलांटी भलत्याच जागी जाते, जोडाक्षरं फुटतात, मधली अक्षरं गायब होतात. याचं कारण असं की पीडीएफमध्ये मुख्यतः अक्षरांचे आकार आणि त्यांच्या जागा साठवलेल्या असतात. कोणता आकार म्हणजे कोणतं अक्षर, ही माहिती देवनागरीच्या बाबतीत पुष्कळदा अपुरी राहते. मूळ पीपीटी युनिकोडमध्ये टाइप केलेली असेल तर ही अडचण तिथे येत नाही. पण पेस्ट केल्यावर मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसला, तर मूळ पीपीटीच कृतिदेवसारख्या जुन्या, युनिकोडपूर्व पद्धतीच्या फॉन्टमध्ये असण्याची दाट शक्यता आहे. मग .pptx मिळूनही तोच काला हाती येईल. अशा वेळी फॉन्टचं नाव विचारून घ्यावं आणि मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणावा.

चौथी अडचण ॲनिमेशनची, आणि माझ्या मते मूळ फाइल मागण्याचं सर्वांत खणखणीत कारण हेच आहे. वर्गात स्लाइडवर एकेक ओळ, एकेक आकडा क्लिकसरशी येतो. आधीचा जातो, त्याच जागी पुढचा येतो. पीडीएफ करताना हे सगळे थर एकाच वेळी उमटतात. शिकवणाऱ्यांना हे ठाऊक नसण्याचीच शक्यता जास्त, कारण ते स्वतःची पीडीएफ कधी उघडून बघत नाहीत. मूळ फाइलमध्ये वरचा थर माऊसने बाजूला ओढला की खालचा वाचता येतो.

यांतलं जे लागू असेल त्याचं एक ठोस उदाहरण, म्हणजे लेक्चर क्रमांक आणि स्लाइड क्रमांक, टिपून ठेवा. मेलचं सगळं वजन त्या एका ओळीत असणार आहे.

किती मागायचं

‘सगळ्या पीपीटी’ कधीच मागू नका. त्यात पाच विषय आणि पाच शिकवणारे येतात, म्हणजे कोऑर्डिनेटरने पाच जणांच्या मागे लागायचं. एक विषय, ठरावीक लेक्चर एवढंच मागा. पहिल्या विषयाच्या फाइल सुरळीत मिळाल्या की दुसऱ्यासाठी वेगळा मेल करता येतो, आणि तेव्हा ‘मागच्या वेळी मिळाल्या होत्या’ हे सांगायलाही मिळतं.

शिकवणाऱ्यांशी तुमची ओळख असेल, लेक्चर संपल्यावर बोलणं होत असेल, तर कोऑर्डिनेटरला मध्ये घालायचंच कशाला? थेट विचारा. कोऑर्डिनेटरकडे जायचं ते शिकवणारे बाहेरून येत असतील, त्यांचा मेल ठाऊक नसेल किंवा संस्थेत सगळं साहित्य कार्यालयामार्फतच देण्याचा रिवाज असेल तेव्हा. आणि पहिल्याच मेलला विभागप्रमुखांना सीसीमध्ये घालू नका. विनंतीची तक्रार होते, आणि मग माणसं नियमावर बोट ठेवतात.

समोरच्याच्या मनातल्या शंका

मूळ फाइल द्यायला शिकवणारे का कचरतात, हे कळलं की निम्मा मेल आपोआप लिहून होतो. पीपीटीत स्लाइडखाली स्पीकर नोट्स असतात. तिथे कुणी उदाहरणाचं उत्तर लिहून ठेवलेलं असतं, कुणी ‘हे परीक्षेत विचारायचं’ असंही. काही स्लाइड लपवलेल्या असतात. वर्गात त्या दिसत नाहीत, फाइल उघडली की दिसतात. काही आकृत्या प्रकाशकाने फक्त शिकवण्यासाठी दिलेल्या असतात, त्या पुढे वाटायची मुभा त्यांनाही नसते. आणि सर्वांत मोठी धास्ती ही की वर्षानुवर्षं घडवलेली पीपीटी नाव बदलून भलत्याच्याच वर्गात दिसेल.

या शंका कुणी तोंडाने बोलून दाखवत नाही, नुसतं ‘बघतो’ म्हणतात. तेव्हा विचारण्याआधीच मेलमध्ये सांगून टाका की नोट्स आणि लपवलेल्या स्लाइड काढून पाठवल्या तरी चालेल, फाइल पुढे कुणाला देणार नाही. कसं काढायचं असं कुणी उलट विचारलंच, तर पॉवरपॉइंटमध्ये फाइलची आधी वेगळी प्रत करून त्या प्रतीवर `File > Info > Check for Issues > Inspect Document` असं जायचं. स्पीकर नोट्स तिथून एकदम काढता येतात. लपवलेल्या स्लाइड हाताने डिलीट केलेल्या बऱ्या. हे पहिल्या मेलमध्ये मात्र लिहू नका, शिकवल्यासारखं वाटतं.

वचन मात्र पाळता येईल तेवढंच द्या. तुम्ही तिघं मिळून सारांश काढणार असाल, तर ‘फक्त माझ्यासाठी’ असं लिहू नका. ‘आम्ही तिघं’ असं लिहून तिघांची नावं द्या. एका बॅचच्या ग्रुपवर फाइल फिरली की पुढच्या सगळ्या बॅचना पीडीएफच मिळते. हे मी पाहिलं आहे.

एक मेल, पहिल्या ओळीपासून

उदाहरणादाखल असं धरू : अर्धवेळ अभ्यासक्रमाची विद्यार्थिनी, विषय कॉस्ट अकाउंटिंग, लेक्चर 4 ते 9. पोर्टलवरच्या पीडीएफमध्ये एका पानावर सहा स्लाइड आहेत. लेक्चर 6 मधल्या 17 नंबरच्या स्लाइडवर ब्रेक-इव्हनचा आलेख आहे. वर्गात त्यावर आधी स्थिर खर्चाची रेष आली, मग एकूण खर्चाची, मग विक्रीची, आणि दर वेळी शेजारच्या चौकटीतला हिशेब बदलला. पीडीएफमध्ये तीनही हिशेब एकावर एक छापले आहेत. ब्रेक-इव्हन बिंदूचा आकडा असायला हवा तिथे काळा ठिपका दिसतो. तिने लेक्चर 4 चा दोन पानी सारांश हाताने टाइप करून पाहिला, तर पूर्ण सुट्टीचा दिवस गेला.

तिचा मेल असा असावा :

> विषय : कॉस्ट अकाउंटिंग, लेक्चर 4 ते 9 – पीपीटी मूळ (.pptx) स्वरूपात मिळण्याबाबत विनंती – अर्धवेळ, दुसरे वर्ष, रोल नं. ___
>
> आदरणीय मॅडम,
> सादर नमस्कार.
>
> मी अर्धवेळ अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी आहे. कॉस्ट अकाउंटिंगच्या लेक्चर 4 ते 9 या सहा पीपीटी मला मूळ .pptx स्वरूपात मिळू शकतील का, हे विचारण्यासाठी लिहीत आहे.
>
> या लेक्चरच्या पीडीएफ मी पोर्टलवरून घेतल्या आहेत. मात्र एका पानावर सहा स्लाइड असल्याने तक्ते वाचता येत नाहीत, आणि जिथे गणित टप्प्याटप्प्याने पुढे जाते तिथले आकडे पीडीएफमध्ये एकमेकांवर छापले गेले आहेत (उदा. लेक्चर 6, स्लाइड 17, चित्र सोबत जोडले आहे). मी प्रत्येक लेक्चरचा दोन पानी सारांश करत आहे. लेक्चर 4 चा सारांश टाइप करून पूर्ण केला असून तोही नमुन्यादाखल जोडला आहे.
>
> फाइलचा उपयोग मी फक्त माझ्या अभ्यासासाठी करेन; त्या किंवा त्यांतील स्लाइड कुणालाही पाठवणार नाही, कुठेही अपलोड करणार नाही. हा विषय शिकवणाऱ्या सरांनी स्पीकर नोट्स आणि लपवलेल्या स्लाइड काढून फाइल दिल्या तरी माझे काम होईल. सर्व फाइल देणे शक्य नसल्यास लेक्चर 6 ची मूळ फाइल आणि बाकीच्या पाचांची ‘एका पानावर एक स्लाइड’ अशी पीडीएफ मिळाली तरी चालेल.
>
> याबाबतचा निर्णय सरांचा असल्यास हा मेल कृपया त्यांच्याकडे पाठवावा, किंवा त्यांना थेट लिहिण्यास आपली हरकत नसल्यास तसे कळवावे. या महिन्याच्या 20 तारखेपर्यंत फाइल मिळाल्यास परीक्षेपूर्वी सारांश पूर्ण करता येतील. फाइल मोठ्या असल्यास ड्राइव्हची लिंकही चालेल.
>
> कळावे,
> आपली विद्यार्थिनी,
> ______
> रोल नं. ___, अर्धवेळ, दुसरे वर्ष

विषयाची ओळ लांब वाटेल. पण कोऑर्डिनेटर तीन आठवड्यांनी इनबॉक्समध्ये ‘कॉस्ट’ शोधतो तेव्हा त्याच ओळीवर मेल सापडतो. नुसतं ‘विनंती’ किंवा ‘पीपीटीबाबत’ असे मेल माझ्याकडे शेकड्याने होते.

मागणी पहिल्याच परिच्छेदात आली आहे, हेही बघा. नोकरी, घर, प्रवास यांची कहाणी तिने लिहिलेली नाही. अर्धवेळ म्हटलं की ते सगळं समोरच्याला कळतं. ‘एडिटेबल’ असा मोघम शब्दही टाळून तिने .pptx असं लिहिलं आहे, कारण एडिटेबल म्हटल्यावर मला एकदा पीडीएफ वर्डमध्ये बदलून पाठवणारे सर भेटले होते. त्यात प्रत्येक ओळ वेगळ्या चौकटीत होती.

जोडलेला नमुना मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ‘सारांश काढायचे आहेत’ हे कुणीही म्हणतं. एक सारांश आधीच करून दाखवला की शिकवणाऱ्यांना दिसतं, ही मुलगी माझ्या स्लाइड नुसत्या साठवणार नाही, त्यांवर काम करणार आहे. नमुना पीडीएफमध्येच जोडा, आणि त्यात सरांच्या आकृत्या जशाच्या तशा चिकटवलेल्या नसाव्यात.

दुय्यम पर्याय तिने स्वतःहून दिला आहे, तोही एकच. त्यामुळे समोरच्याला ‘नाही’ म्हणायची वेळ न येता काहीतरी देता येतं. चार पर्याय दिले असते तर त्यांतला सर्वांत सोपा, म्हणजे सर्वांत निरुपयोगी, तुमच्या वाट्याला आला असता.

मेल संस्थेने दिलेल्या आयडीवरून पाठवा. खासगी आयडीवरून मागणी आली की साहित्य पाठवण्याआधी आम्ही हजेरीपट बघायचो, आणि तेवढ्यात दुसरं काम यायचं.

पाठवल्यानंतर

कामाचे पाच-सहा दिवस वाट बघा. मग नवा मेल न करता त्याच मेलवर ‘रिप्लाय’ करून दोन ओळी लिहा : ‘मॅडम, खालील विनंतीबाबत आठवण करून देत आहे. सरांना मी थेट लिहू का?’ या आठवणीनंतरही उत्तर नाही आलं, तर फोन करा किंवा लेक्चरच्या दिवशी कार्यालयात जाऊन भेटा. तिसरा मेल कुणी वाचत नाही.

उत्तर आलं आणि सोबत पुन्हा पीडीएफच असेल, तर वैतागून लिहू नका. बहुतेक वेळा मेल घाईत वाचलेला असतो. ‘पीडीएफ मिळाल्या, आभारी आहे. लेक्चर 6 ची स्लाइड 17 यातही तशीच आहे. तेवढ्या एका लेक्चरची .pptx मिळू शकेल का?’ एवढं पुरे. स्वच्छ नकार आला तर आभार मानून तिथेच थांबा, आणि गोंधळ झालेल्या चार-पाच स्लाइडचे क्रमांक घेऊन पुढच्या लेक्चरनंतर सरांना गाठा. मूळ फाइल न देणारे सरही ती फाइल स्वतःच्या लॅपटॉपवर उघडून आकडे सांगायला सहसा तयार असतात.

फाइल हाती आल्यावर

ती लगेच उघडून बघा. वर पिवळी पट्टी येऊन `Protected View` असं दिसलं आणि काहीच बदलता येत नसलं, तर घाबरू नका. मेलमधून आलेली फाइल पॉवरपॉइंट अशीच उघडतं. फाइल खात्रीच्या माणसाकडून आलेली आहे, तेव्हा `Enable Editing` दाबा. ‘सर, फाइल एडिट होत नाही’ असा मेल मला आला की दहातल्या आठ वेळा ही पट्टीच निघायची. फाइलचं नाव .ppsx ने संपत असेल तर ती डबल-क्लिकने थेट स्लाइड शो म्हणून सुरू होते. आधी पॉवरपॉइंट उघडून `File > Open` मधून घ्या, मग एडिट होते. आणि .key असेल तर ती कीनोटची फाइल आहे, पॉवरपॉइंटमध्ये उघडणार नाही. ती पॉवरपॉइंटच्या स्वरूपात एक्स्पोर्ट करून द्यायची विनंती करावी लागेल.

मूळ फाइलला हात न लावता तिची प्रत करा आणि `View > Outline View` उघडा. सगळ्या स्लाइडची शीर्षकं आणि मुद्दे डाव्या बाजूला सलग दिसतात. सारांशाचा सांगाडा तिथेच तयार असतो. इथे एक खोच आहे. शिकवणाऱ्यांनी मजकूर स्लाइडच्या ठरलेल्या चौकटीत न लिहिता स्वतः टाकलेल्या टेक्स्ट बॉक्समध्ये लिहिला असेल, तर तो आउटलाइनमध्ये दिसत नाही. तक्ते आणि चित्रंही येत नाहीत. म्हणून आउटलाइनमधली स्लाइड रिकामी दिसली की ती मूळ स्लाइड उघडून बघायचीच. आपल्या उदाहरणातली 17 नंबरची स्लाइड आउटलाइनमध्ये नुसतं शीर्षक दाखवते. तिन्ही हिशेब टेक्स्ट बॉक्समध्ये आहेत. `Home > Select > Selection Pane` उघडलं की तिथे प्रत्येक बॉक्सचं नाव आणि पुढे डोळ्याचं चिन्ह दिसतं. दोन बॉक्स डोळ्यावर क्लिक करून लपवले की तिसरा स्पष्ट वाचता येतो. असं एकेक करून तिन्ही टप्पे तिने सारांशात ओळीने उतरवायचे.

आकृती म्हणून चिकटवलेला स्क्रीनशॉट मात्र .pptx मध्येही चित्रच राहतो. तेवढा भाग टाइप करावा लागतो, त्याला इलाज नाही.

काम झालं की त्याच मेलवर दोन ओळींचं उत्तर टाका : फाइल मिळाल्या, उघडल्या, कोणते सारांश पूर्ण झाले. वाचताना एखाद्या स्लाइडवर चुकीचा आकडा आढळला असेल तर तोही स्लाइड क्रमांकासह कळवा. सर पुढच्या बॅचसाठी तो दुरुस्त करून घेतात, आणि लेक्चर 10 ची फाइल मागायला तुम्हाला पुन्हा एवढा मोठा मेल लिहावा लागत नाही.